लांबचा पाऊस, जवळचा पाऊस

बाळ, तू आता कॅटलॉगच्या कामाला लागलीस, तर काही गोष्टी कानात घालून ठेवतो. सुरतेच्या रिंगरोडच्या साडी बाजारात ही मागणी दर उन्हाळ्यात येते: पावसाळ्याचं कलेक्शन जुलैत दुकानात हवं, म्हणून फोटो मेमध्ये निघतात, आणि मालाचा सॅम्पल पीस भिजवायची परवानगी कुणी देत नाही. भिजलेलं जॉर्जेट अंगाला चिकटतं, रंग गडद दिसतो, प्रिंट नीट वाचता येत नाही, आणि तो पीस परत व्यापाऱ्याकडे जायचा असतो. म्हणजे फोटो कोरडा आणि पाऊस मागाहून, हे आपल्या धंद्यात ठरलेलंच आहे. प्री-वेडिंगवाल्यांचंही तसंच. सापुताऱ्याचं धुकं हवं असतं, पण तारीख मिळते ती एप्रिलची.

नवीन माणूस पहिल्यांदा काय करतो, तर इंटरनेटवरून पावसाच्या रेघांचा एक फोटो उतरवून चित्रावर पसरतो. संगणकावर क्षणभर बरं वाटतं. मग बघणाऱ्याच्या मनात काहीतरी खटकतं आणि काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही. ते मी तुला सांगतो. पावसाला खोली असते. हातभर अंतरावरचा पाऊस, माणसाच्या आसपासचा पाऊस आणि नदीपलीकडचा पाऊस ही तीन वेगळी रूपं आहेत. अगदी जवळचा थेंब पुसट आणि मोठा दिसतो, माणसाशेजारचा रेघ होतो, आणि लांबचा पाऊस म्हणजे नुसतं धुकं. हे एकदा मनात बसलं की पाऊस आणि धुकं ही दोन निराळी कामं राहत नाहीत. धुकं नीट घालता आलं की पावसाचं अर्धं काम झालेलं असतं.

एक फोटो घेऊन बोलू, म्हणजे हवेत राहणार नाही. अठवालाईन्सच्या बाजूला तापीच्या काठावर मुलगी उभी आहे, हातात छत्री, अंगावर पोपटी साडी. ती कॅमेऱ्यापासून सहा मीटरवर. तिच्यामागे फरसबंदीची वाट, मग वाटेवरचे दिव्याचे खांब, पुढे काठाची झाडं, मग नदी, २०१८ साली सुरू झालेला केबल पूल, आणि पलीकडे अडाजणच्या इमारती. कॅमेऱ्याचं तोंड साधारण वायव्येकडे. वेळ संध्याकाळची, सूर्य इमारतींच्या आड गेलेला.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी आहे. फोटो निवडतानाच सावली बघ. माणसाच्या पायाशी कडक, काठ स्पष्ट असलेली सावली पडली असेल, नाकाची सावली ओठावर उतरली असेल, तर त्या फोटोत मुसळधार पाऊस घालू नकोस. पावसाचं ढगाळ आभाळ म्हणजे सगळीकडून येणारा उजेड. त्यात सावली असते, पण ती बुटाखाली, गाडीखाली, छत्रीखाली मऊ काळोखासारखी असते. कडक सावली खोडून काढता येते असं म्हणणारे भेटतील. फरसबंदीवरून ती पुसता येईलही, पण गालावरून आणि साडीच्या प्रत्येक निरीवरून पुसणं हे कपडा नव्याने रंगवण्यासारखं आहे, आणि व्यापारी त्याच निऱ्या बघायला बसलेला असतो. म्हणून शूटच्या दिवशी फोटोग्राफरला आधीच सांगून ठेव: ऊन उतरल्यावर घे, नाहीतर इमारतीच्या सावलीच्या बाजूला घे. छत्री दे. केस कोरडे आणि मोकळे दिसतात, ते झाकायला छत्रीइतकं सोयीचं दुसरं काही नाही, आणि छत्रीखाली साडी कोरडी असणं बघणाऱ्याला पटतं. छत्री नसेल तर छज्ज्याखाली उभी कर.

आभाळ आधी बदल. आपल्याकडच्या पावसाळी आभाळात फार आकार नसतात. ते राखाडी, पसरट आणि खालच्या बाजूला उजळ असतं. काळेकभिन्न, नक्षीदार ढग आणून बसवले की जमिनीवरचा उजेड खोटा पडतो, कारण इतक्या काळ्या आभाळाखाली माणूस एवढा उजळ दिसणार नाही. एक गोष्ट पक्की धर: ढगाळ दिवशी चित्रातली सगळ्यात उजळ जागा बहुतेक वेळा आभाळच असतं. ते जमिनीपेक्षा काळं झालं की चित्र उलटं दिसतं. आभाळ बसलं की चित्राचा पिवळेपणा थोडा काढ, रंगांचा भडकपणा थोडा उतरव. साडीला मात्र वेगळा मास्क ठेव. तिथे बदल हलका हवा, कारण गिऱ्हाईक रंग बघून ऑर्डर देतं. पण साडी अगदी जशीच्या तशीही सोडू नकोस, नाहीतर ती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसेल. यासाठी कॅटलॉगवाल्याला सुचव की पावसाचं पान सजावटीचं असू दे आणि खऱ्या रंगाचं एक साधं पान शेजारी असू दे.

आता धुकं. इथे थोडा हिशोब आहे, पण सोपा. हवेतलं धुकं दर पावलाला चित्राचा ठराविक हिस्सा खातं. ठराविक हिस्सा म्हणजे उरलेल्यातला तेवढाच वाटा, दर वेळी. हवामानखात्याच्या भाषेत दृश्यमानता म्हणजे किती लांबचं जेमतेम ओळखू येतं ते अंतर. ती एक किलोमीटरच्या खाली गेली की त्याला धुकं म्हणतात. या अंतराचे दहा भाग केले, तर दर भागात उरलेल्या मूळ चित्राचा साधारण तिसरा हिस्सा जातो आणि दोन तृतीयांश उरतो. म्हणजे पहिल्या भागाच्या शेवटी ६८ टक्के मूळ चित्र, दुसऱ्याच्या शेवटी ४६, तिसऱ्याच्या शेवटी ३१, चौथ्याच्या शेवटी २१. बाकी सगळा धुक्याचा रंग.

मुसळधार पावसात दृश्यमानता साधारण किलोमीटरवर येते. मग आपल्या फोटोत दर शंभर मीटरला एक भाग. मुलगी सहा मीटरवर आहे, तिच्यावर धुक्याचा थर दोन टक्के, म्हणजे हात न लावलेलाच बरा. पन्नास मीटरवरच्या खांबावर अठरा टक्के. काठाची झाडं शंभर मीटरवर धरली तर तिथे बत्तीस. पलीकडच्या इमारती चारशे मीटरवर असतील तर एकोणऐंशी टक्के, म्हणजे नुसत्या राखाडी आकृत्या. आणि गिऱ्हाइकाला पाऊस नको, दाट धुकं हवं असेल, दृश्यमानता दोनशे मीटरची, तर तोच हिशोब वीस-वीस मीटरनी मोज. शंभर मीटरवरची झाडं तेव्हा चौदा टक्केच उरतील आणि अडाजण दिसणारच नाही. सुरतेत एवढं दाट धुकं क्वचित पडतं. ते सापुताऱ्याच्या घाटातल्या फोटोंना शोभतं.

करायचं कसं? Solid Color चा एक थर घे, मोड Normal ठेव, आणि त्याला काळा मास्क दे. रंग आयड्रॉपरने आभाळाच्या खालच्या कडेवरून उचल. शुद्ध पांढरा कधीच घेऊ नकोस. इथे पुष्कळ जण Screen मोड वापरतात आणि फसतात. Screen फक्त उजळ करतो. पण खऱ्या धुक्यात लांबची पांढरी इमारतही मळकी होते, तिचा पांढरा रंग धुक्याच्या राखाडीकडे उतरतो. हे Normal मध्येच होतं.

मास्क करताना सगळ्यात जास्त दिसणारी चूक सांगतो. लोक खालून वर असा ग्रेडियंट ओढतात: खाली काही नाही, वर दाट. फरसबंदी आणि नदीच्या पाण्याला ते चालतं, कारण ती जमीन खरंच वर जाते तशी लांब जाते. पण मुलगी उभी आहे. तिचे पाय आणि तिची छत्री दोन्ही सहा मीटरवरच आहेत. ग्रेडियंटमध्ये तिची छत्री धुक्यात आणि पाय स्वच्छ, असं होतं. खांबाचंही तेच: बुडाशी जेवढं धुकं, तेवढंच टोकाशी. म्हणून उभ्या प्रत्येक वस्तूची वेगळी निवड कर आणि जमिनीला ती जिथे टेकते तिथल्या धुक्याचा आकडा तिला अख्खी दे. आधी जमिनीचा ग्रेडियंट, मग खांब एकेक, मग झाडांची रांग, मग पूल. पुलाचे काही भाग जवळ, काही लांब असतील तर त्याचे दोन-तीन तुकडे कर. वेळ जातो तो इथेच, आणि खरं-खोटं ठरतं तेही इथेच. झाडांच्या पानांमधून दिसणाऱ्या आभाळाच्या फटी नीट निवड. तिथे जुन्या निळ्या आभाळाचे ठिपके राहतात, आणि छापल्यावर ते डोळ्यात खुपतात.

Lightroom किंवा Camera Raw मधला Dehaze उलटा, उणे बाजूला, सरकवला तर धुरकट होतं, हे खरं आहे. पण त्याला खांब पन्नास मीटरवर आहे आणि मुलगी सहावर, हे माहीत नसतं. चित्राला आधी एक पुसट हात द्यायला तो बरा. त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नकोस. आणि फाइल १६ बिटमध्ये ठेव. ८ बिटमध्ये मऊ धुक्याचे पट्टे पडतात, आभाळात पायऱ्या दिसू लागतात. शेवटी धुक्याच्या थरावर अगदी थोडा नॉइज टाकला की पट्टे मोडतात, आणि कॅमेऱ्याच्या मूळ दाण्याशी तो थर मिसळतोही.

दिवे लागलेले असतील तर धुक्यात त्यांच्याभोवती वलय येतं. जवळच्या दिव्याचं वलय लहान आणि झगझगीत, लांबच्याचं मंद. दिवे नसलेल्या फोटोत उगीच पेटवू नकोस. पण संध्याकाळचं चित्र असेल आणि खांबावरचा एक दिवा लावला, तर पुढे ओल्या जमिनीत त्याचं प्रतिबिंब दाखवायला तो उपयोगी पडतो.

जमीन हा पावसाचा खरा पुरावा. रेघा एकवेळ नसल्या तरी ओली जमीन बघून माणूस पाऊस मानतो, पण कोरड्या फरसबंदीवर कितीही रेघा ओढल्या तरी मानत नाही. ओलं झालं की दोन गोष्टी घडतात, आणि त्या वेगवेगळ्या करायच्या. पहिली, पाणी बारीक छिद्रांत शिरतं आणि माती, सिमेंट, वीट, डांबर गडद होतं. वाळू-मातीचा उजळपणा तर साधारण निम्म्यावर येतो, आणि रंग जास्त गहिरा दिसतो. Curves ने मधले टोन खाली ओढ आणि रंग किंचित वाढव. पण काच, रंगवलेला लोखंडी कठडा, गाडीचा पत्रा यांना छिद्रं नसतात, ते गडद होत नाहीत. त्यांच्यावर फक्त चमक येते. सगळं चित्र सरसकट गडद करणाऱ्याचं काम इथे पकडलं जातं. आणि पाऊस नुकताच सुरू झाला असं दाखवायचं असेल तर दाट झाडाखाली, उभ्या गाडीखाली कोरडा तुकडा राहू दे.

दुसरी गोष्ट प्रतिबिंब. पाण्यात सरळ खाली बघितलं तर ते शंभरात दोन भागच प्रकाश परत पाठवतं, तळ दिसतो. नजर जमिनीला चाटून गेली की हेच प्रमाण पस्तीस-चाळीस टक्क्यांवर जातं. म्हणून चित्राच्या खालच्या कडेला, कॅमेऱ्याच्या पायाशी, फरसबंदीची नक्षी ओल्या रंगात स्पष्ट दिसू दे, आणि जसजशी वाट लांब जाते तसतसं तिच्यात आभाळ उतरू दे. बहुतेक जण याच्या नेमकं उलट करतात, कारण प्रतिबिंब त्यांना पुढे, नजरेसमोर हवं असतं.

प्रतिबिंब बनवताना मुलीची प्रत घेऊन Flip Vertical कर आणि पाय पायाला जोड. खांब वेगळा उलटा कर, त्याचं बूड त्याच्या बुडाला जोड. सगळं चित्र एकदम उलटं करून खाली सरकवलं तर खांबाचं प्रतिबिंब भलत्याच जागी पडतं. आणखी एक बारकावा: पाण्यातलं चित्र खालून बघितलेलं असतं. छत्री वरून तिची पाठ दाखवत असेल तर पाण्यात तिचा आतला भाग, काड्या दिसायला हव्यात. हे दरवेळी करता येत नाही. म्हणून पूर्ण, आरशासारखं डबकं चित्रात ठेवायचा मोह टाळ. ओल्या फरसबंदीवर पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यामुळे प्रतिबिंब उभ्या दिशेने ताणलं जातं आणि आडवं फारसं पसरत नाही. म्हणून Motion Blur ९० अंशात दे, जवळ कमी, लांब जास्त, आणि थराची अपारदर्शकता वीस-तीस टक्क्यांवर ठेव. फरसबंदीच्या सांध्यांवर ते तोडून टाक. आधी उजळ गोष्टी उमटतात: दिवा, आभाळाची फट, साडीचा उजळ काठ. गडद झाडाचं प्रतिबिंब म्हणजे नुसतं त्या जागी आभाळ नसणं.

एवढं झाल्यावर चित्र बाजूला ठेवून बघ. रेघ एकही नाही आणि तरी पाऊस पडून गेलाय असं वाटलं पाहिजे. तसं वाटत नसेल तर रेघांकडे जाऊ नकोस, मागे जाऊन जमीन सुधार.

आता रेघा. मध्यम थेंब दोन मिलिमीटरचा धरला, तर तो सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने पडतो. कॅमेऱ्याचं शटर १/१२५ सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो बावन्न मिलिमीटर खाली आलेला असतो, म्हणजे साधारण तीन बोटं. आपली मुलगी एक मीटर साठ सेंटिमीटर उंच आहे आणि फोटोत ती १६०० पिक्सेल भरते असं समज, म्हणजे तिच्या अंतरावर एक मिलिमीटरला एक पिक्सेल. तिच्या शेजारची रेघ बावन्न पिक्सेल लांब आणि दोन पिक्सेल जाड, यापेक्षा मोठी नको. तिच्या निम्म्या अंतरावर, तीन मीटरवर, रेघ दुप्पट, १०४ पिक्सेल. बारा मीटरवर सव्वीस, चोवीस मीटरवर तेरा आणि जाडीला अर्धा पिक्सेल, म्हणजे दिसेनाशीच. त्यापलीकडे रेघा काढूच नकोस. तिथला पाऊस तू धुक्याच्या थरात आधीच घातला आहेस. फोटोच्या माहितीत शटरचा आकडा लिहिलेला असतो, तो बघून लांबी ठरव. १/१००० ला घेतलेल्या फोटोत मुलीशेजारचा थेंब साडेसहा पिक्सेलचा ठिपका असेल. तिथे वीतभर रेघ ओढलीस तर चित्रातल्या गोठलेल्या पल्लूशी ती भांडेल.

म्हणून रेघांचे तीन थर कर. प्रत्येकासाठी काळा थर, त्यावर Filter > Noise > Add Noise, त्यात Gaussian आणि Monochromatic. मग थर हवा तेवढा मोठा करून Levels ने बहुतेक ठिपके मारून टाक, विरळ तेवढे राहू दे. मग Motion Blur, अंतर त्या थराच्या हिशोबाने: मागच्याला सव्वीस, मधल्याला बावन्न, पुढच्याला शंभराच्या वर. मोड Screen, कारण थेंब उजेड घालतो. मागचा थर दाट आणि बारीक, पुढचा अगदी विरळ. पुढच्या थरावर Gaussian Blur ही दे, कारण कॅमेऱ्याने मुलीवर फोकस केलाय, हातभर अंतरावरचा थेंब त्याला स्पष्ट दिसणार नाही. आणि मागच्या थराला मुलीचा मास्क लाव. तिच्यामागे पडणारा पाऊस तिच्या अंगावरून दिसतो, ही चूक मोठमोठ्या होर्डिंगवर बघशील. चेहऱ्यावर पुढच्या थराची एकही रेघ नको, हाताने पुसून टाक. छत्रीखाली पाऊस नसतो, हेही विसरलं जातं.

कोन हवेने ठरतो. वारा नसेल तर रेघ सरळ. सेकंदाला तीन मीटरचा वारा असेल तर साडेसहाच्या पडण्याबरोबर रेघ उभ्यापासून पंचवीस अंश कलते. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. कॅमेरा वायव्येकडे बघत असेल तर वारा डावीकडून, म्हणजे रेघ डावीकडून वरून उजवीकडे खाली. सुरतेचा माणूस हा हिशोब बसून करणार नाही, पण पल्लू डावीकडे उडतोय आणि पाऊस उजवीकडे जातोय, हे त्याला लगेच दिसेल. म्हणून पल्लू, झाडाची फांदी, छत्रीचा कल यांच्याकडे आधी बघ आणि पाऊस त्यांच्या बाजूने पाड. तिन्ही थरांचा कोन जवळजवळ एक ठेव, दोन-तीन अंशांचा फरक चालतो.

आणि पाऊस कुठे दिसतो ते लक्षात ठेव. प्रत्येक थेंब आपल्यापुढचं मोठं दृश्य आपल्यात घेऊन येतो आणि त्यात आभाळाचा वाटा मोठा असतो, म्हणून तो गडद पार्श्वभूमीवर उजळ दिसतो. काळ्या छत्रीवर, झाडाच्या बुंध्यावर, पुलाखालच्या अंधारात रेघा दिसू दे. उघड्या आभाळावर त्या जवळजवळ नाहीशा होऊ दे. Screen मोड हे बरंचसं आपोआप करतो, पण आभाळावर थराचा मास्क अजून हलका कर. पायापाशी, फरसबंदीवर, थेंब आपटून उडालेले बारीक मुकुट टाक. दहा-बारा पुरेत, जवळचे मोठे, लांबचे टिंबाएवढे. छत्रीच्या काड्यांच्या टोकांवरून एक-दोन मोठे थेंब ओघळू दे. साडीचा खालचा काठ दोन बोटं गडद कर, कारण भिजल्या रस्त्यावर उभ्या बाईची किनार कोरडी राहत नाही. व्यापारी हरकत घेईल तर तेवढं सोडून दे.

याहून चांगला एक मार्ग आहे, आणि त्याला पावसाळ्यातच तयारी लागते. घरी गॅलरीत काळा जाड कपडा टांग, त्याच्यापुढे दीड-दोन मीटर मोकळी जागा राहील असा. पाऊस जोरात असताना बाजूने किंवा थोडा मागून दिवा ठेव. दिवा आणि वायर आत, कोरड्यात, छज्ज्याखाली. कॅमेरा १/१२५ वर ठेवून फोकस बदलत फोटो घे: काही रेघा स्पष्ट, काही पुसट. मग १/६० वर, मग १/५०० वर. असा खरा पाऊस काळ्यावर घेतलेला असला की तो थेट Screen मध्ये बसतो, आणि त्यात थेंबांचे लहान-मोठे आकार, अंतरं, अधूनमधून जुळलेले दोन थेंब असतात, जे नॉइजमधून कधी येत नाहीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पावसाला तोटा नाही. दर वर्षी थोडे घेत जा, शटरच्या आकड्याच्या नावाने वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेव.

बर्फाबद्दल थोडंच. तो हलका असल्याने सेकंदाला मीटरभर, फार तर दीड मीटर वेगाने उतरतो. म्हणून त्याची रेघ होत नाही, वेडावाकडा ठिपका होतो, आणि वाऱ्याने प्रत्येकाची दिशा थोडी निराळी असते. उघड्या ढगाळ आभाळावर बर्फाचा ठिपका पांढरा दिसत नाही, राखाडी, आभाळापेक्षा गडद दिसतो. Screen मोडमध्ये हे येतच नाही, म्हणून आभाळावरचे ठिपके Normal मध्ये फिकट राखाडीने कर. पण बर्फाचं खरं काम खाली आहे. वरच्या दिशेला तोंड असलेली प्रत्येक गोष्ट पांढरी व्हायला हवी: फांद्यांची वरची कड, बाकाची पाठ, भिंतीचा माथा, खांद्यावरची शाल. खालच्या बाजू तशाच गडद. हे करायला तास लागतात, आणि मनालीच्या देवदारांत काढलेल्या कोरड्या फोटोला ते शोभतं. डुमसच्या किनाऱ्यावर, नारळाच्या झाडांवर बर्फ मागणारं गिऱ्हाईक आलं तर त्याला नीट समजावून दुसरी कल्पना सुचव. तो फोटो कुणालाच खरा वाटणार नाही, आणि काम तुझ्या नावावर राहील.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळ. जाहिरातीत, कॅटलॉगमध्ये, लग्नाच्या अल्बममध्ये पाऊस घालणं हे सजवणं आहे, सगळ्यांना ते ठाऊक असतं. पण कुणी वर्तमानपत्रासाठी, तक्रारीसाठी, विम्याच्या दाव्यासाठी फोटो आणला आणि त्यात पाणी, धुकं, पाऊस वाढवून दे म्हणाला, तर सरळ नाही म्हण. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापीने हे शहर बुडवलं होतं. इथल्या लोकांसाठी पाण्याचा फोटो म्हणजे साक्ष आहे, आणि त्यात एक इंचही पाणी आपल्या हाताने चढता कामा नये.

काम संपल्यावर तपासायच्या दोन युक्त्या आहेत. चित्र काळंपांढरं करून बघ. रंग गेले की धुक्याची खोली खरी आहे की नाही हे उघडं पडतं: लांबची काळी जागा जवळच्या काळ्या जागेपेक्षा गडद असेल तर कुठला तरी मास्क चुकलाय. मग आडवं Flip करून बघ. ओळखीचं चित्र अनोळखी होतं आणि वाऱ्याच्या, प्रतिबिंबाच्या चुका पटकन दिसतात.

आणि पाठवताना सांभाळ. बारीक रेघा आणि नॉइज हे फाइल दाबणाऱ्या प्रोग्रामला नको असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलास तर मागच्या थराचा पाऊस चौकोनी डागांत जाईल आणि व्यापारी फोन करून विचारेल की चित्र घाणेरडं का दिसतंय. डॉक्युमेंट म्हणून पाठव. फ्लेक्सवर मोठा छापायचा असेल तर मागच्या थराच्या बारीक रेघा छपाईच्या ठिपक्यांत हरवतात. त्यासाठी मागचा थर बंद करून धुकं दोन-चार टक्क्यांनी वाढवलेली वेगळी प्रत काढ, छापणाऱ्याकडून हातभर तुकड्याचा नमुना मागव, आणि तो बाहेर, दिवसाच्या उजेडात, फलक जेवढ्या अंतरावरून दिसणार आहे तेवढं मागे जाऊन बघ. थरांची मूळ फाइल जपून ठेव. पुढच्या मेमध्ये तोच काठ, तोच पूल आणि दुसरी साडी घेऊन कुणीतरी येईलच, तेव्हा धुक्याचे मास्क तुला नव्याने कापावे लागणार नाहीत.